एकेक नग असलेल्या दागिन्यांचं इन्स्टाग्राम दुकान: टॅग, पान आणि पैशांची लिंक

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते. घरी मोत्यांच्या नथी, ठुशी, बुगड्या करते आणि इन्स्टाग्रामवर विकते. साठेक नग तयार असतात, बहुतेक एकेकच. सध्या मेसेज आला की क्यूआर पाठवते, मग स्क्रीनशॉट येतो. गेल्या महिन्यात एकाच नथीचे दोघींनी पैसे भरले. फोटोवर टॅग लावून तिथूनच पैसे येतील असं दुकान कसं लावू? जीएसटी नोंदणी नाही.

उत्तर:

ताई, टॅग स्वतः पैसे घेत नाही, हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडे फोटोवरच्या टॅगला बोट लावलं की ॲपमध्येच त्या वस्तूचा फोटो, नाव आणि किंमत दिसते, आणि तिथलं बटण गिऱ्हाइकाला तुमच्या वेबसाइटवर नेतं. पैसे वेबसाइटवर भरले जातात, नाहीतर तुम्ही मेसेजमध्ये पाठवलेल्या लिंकवर. म्हणजे तुम्हाला तीन गोष्टी उभ्या करायच्या आहेत: वस्तूंची यादी म्हणजे कॅटलॉग, प्रत्येक वस्तूचं एक पान, आणि पैसे घ्यायची सोय. या तिघांना बांधणारी दोरी म्हणजे प्रत्येक नगाचा नंबर. दोघींचे पैसे एकाच नथीवर आले, कारण तुमच्या क्यूआरला कोणत्या नथीचे पैसे येताहेत हे माहीतच नव्हतं. म्हणून सुरुवात ॲपपासून करू नका, डब्यापासून करा.

साठही नग बाहेर काढा आणि प्रत्येकाच्या पाकिटावर नंबर चिकटवा. नथींना `NTH-001` पासून, ठुशींना `THU-001`, बुगड्यांना `BGD-001`. रोमन अक्षरं अशासाठी की हाच नंबर पुढे शीटमध्ये, वेबसाइटवर आणि पैशांच्या लिंकमध्ये जसाच्या तसा टाइप करायचा आहे. नग विकला गेला की त्याचा नंबर संपला, तो दुसऱ्या नगाला कधीच द्यायचा नाही. तशीच नथ पुन्हा केलीत पण मोत्यांची छटा किंवा खड्याचा रंग वेगळा आला, तर नंबर नवा. डोळे मिटून कुठलाही नग उचलला तरी गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही इतके सारखे असतील, तरच एक नंबर आणि संख्या चार किंवा पाच. मी एका ताईंना दुकान लावून दिलं होतं. त्यांनी नंबराऐवजी नावं ठेवली, ‘पेशवाई नथ’, ‘पेशवाई नथ मोठी’ अशी. लग्नसराईत मोठीच्या जागी लहान गेली आणि कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्या अंगावर पडला. तेव्हापासून मी नंबर चिकटवल्याशिवाय पुढचं काही करत नाही.

आता वेबसाइट. टॅग लावायचे तर वस्तूंची पानं तुमच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे तुमच्या नावावर घेतलेल्या वेब-पत्त्यावर, असावी लागतात, आणि ते डोमेन तुमचंच आहे हे मेटाला, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीला, दाखवून द्यावं लागतं. पैशांची छोटी लिंक वस्तूच्या पानाच्या जागी टाकून भागेल असं पुष्कळजणींना वाटतं. भागत नाही, कारण ते डोमेन पेमेंट कंपनीचं असतं, तुमचं नसतं. एखाद्या तयार दुकान-बांधणी सेवेवर साधं दुकान घ्या आणि त्याला स्वतःचं डोमेन जोडा. मग मेटा बिझनेस सेटिंग्जमध्ये डोमेन घातलं की ते एक ओळ देतं. ती डोमेन जिथून घेतलंत तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये `TXT` प्रकारची नोंद म्हणून टाकायची:

```
facebook-domain-verification=तिथे दिलेला कोड
```

ही नोंद सगळीकडे पोचायला कधी तासभर लागतो, कधी दिवसभर. लगेच ‘पडताळलं नाही’ असं आलं म्हणून ती पुसून पुन्हा टाकत बसू नका. दुसऱ्या दिवशी बघा.

दुकान-सेवेच्या कंपनीचं फुकटातलं उपडोमेन तेवढं घेऊ नका. ते कंपनीच्या नावावर असतं, तिथे तुम्हाला डीएनएसची नोंद टाकता येत नाही आणि काम तिथेच अडतं. वेबसाइटवर परतीचे नियम, गोपनीयता, अटी आणि संपर्क अशी चार पानंही आधीच लिहून ठेवा. पेमेंट कंपनी खातं सुरू करण्याआधी ती शोधते आणि नसली तर अर्ज परत पाठवते. परतीच्या पानावर मोघम लिहू नका. नाकात-कानात घातलेला दागिना परत घेणार की नाही, तुटून पोचला तर किती तासांत फोटो पाठवायचा, हे सरळ लिहा. पुढे वाद झाला तर तेच पान तुमच्या बाजूने बोलेल.

यानंतर इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करा, त्याला फेसबुकचं पान जोडा आणि मेटाच्या कॉमर्स मॅनेजरमध्ये कॅटलॉग उघडा. दुकानासाठी खातं पात्र आहे की नाही ते तिथेच दिसतं. नाकारलं असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा कारण डोमेनचं असतं, नाहीतर पानावरची माहिती अपुरी असते.

कॅटलॉग हाताने एकेक वस्तू टाकूनही भरता येतो. पण साठ नग आणि रोजची विक्री म्हटल्यावर गूगल शीट ठेवा आणि तिची लिंक कॅटलॉगला ठरावीक वेळेने वाचायला द्या. शीटमधले रकाने इंग्रजीतच आणि याच नावांनी असावे लागतात. वरची ओळ अशी ठेवा:

```
id | title | description | availability | condition | price | link | image_link | brand
```

शीटमध्ये प्रत्येक नाव वेगळ्या रकान्यात जातं, उभी रेघ फक्त इथे दाखवायला आहे. `id` मध्ये पाकिटावरचा नंबर. `availability` मध्ये `in stock` किंवा `out of stock`, हेच शब्द, दुसरे नाहीत. `condition` मध्ये `new`. `price` मध्ये `380.00 INR`, म्हणजे आकडा, जागा, चलन. रुपयाचं चिन्ह टाकलं किंवा `380/-` लिहिलं तर ती ओळ गळते. `title` मध्ये मराठी नाव आणि रोमन अक्षरांतलं नाव दोन्ही ठेवा, उदाहरणार्थ `मोती नथ, दाबाची | Moti Nath`. आपल्या सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांतल्या बायकाही नथ शोधतात, आणि त्या बहुतेक वेळा रोमन अक्षरांतच टाइप करतात. पानावरची किंमत आणि शीटमधली किंमत एकच हवी. सवलत दिलीत तर दोन्हीकडे बदला, नाहीतर वस्तू नाकारली जाते.

या शीटबद्दल दोन गोष्टी जिवापाड जपा. पहिली, `id` कधीही बदलू नका. नंबर बदलला की मेटाच्या दृष्टीने ती नवी वस्तू होते आणि जुन्या फोटोंवरचे टॅग गळून पडतात. दुसरी, विकलेल्या नगाची ओळ पुसू नका, फक्त `out of stock` करा. ओळच गेली तर वस्तू कॅटलॉगमधून जाते आणि तिच्याबरोबर टॅगही. विकली गेलेली नथ फोटोवर ‘संपली’ अशी दिसणं वाईट नाही. गिऱ्हाईक तिच्यावर बोट ठेवतं आणि ‘अशीच दुसरी कराल का’ म्हणून विचारतं, आणि तीच पुढची ऑर्डर असते.

फोटोंबद्दल थोडं. दोन्ही बाजू किमान 500 पिक्सेलच्या हव्यात, 1024 च्या पुढे असतील तर चांगलं. फोटोवर किंमत, फोन नंबर किंवा ‘सेल’ असं काही लिहू नका. नाव देताना शब्दही जपून वापरा. एकीने मोत्यांचा रंग सांगताना ‘हस्तिदंती’ लिहिलं होतं आणि तिची वस्तू नाकारली गेली, कारण प्राण्यांच्या अवयवांच्या विक्रीला तिथे मनाई आहे आणि तपासणी शब्द पाहून होते. ‘मलई रंगाचे’ असं बदलून पुन्हा तपासणीला पाठवल्यावर वस्तू आली. सोन्याचा मुलामा असेल तर ‘सोन्याची’ लिहू नका, ‘सोन्याचा मुलामा’ लिहा. गिऱ्हाईक फसल्याची तक्रार त्यातूनच येते.

टॅग लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. पोस्ट टाकताना वस्तू टॅग करण्याचा पर्याय येतो, त्यात नंबर टाइप केला की वस्तू सापडते. एका फोटोवर पाच वस्तूंपर्यंत टॅग लावता येतात, पण मी दोनच लावते. नऊवारीतल्या बाईच्या फोटोवर नथ आणि ठुशी पुरे. पाच ठिपके लागले की चेहरा झाकला जातो आणि कुठलाच ठिपका नीट दाबला जात नाही. जुन्या पोस्टही संपादित करून टॅग लावता येतात. आधी ज्या फोटोंखाली ‘किंमत?’ असे मेसेज जास्त आले, तेच निवडा.

आता पैशांकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

सध्या तुम्ही देता तो क्यूआर बहुधा तुमच्या वैयक्तिक यूपीआय आयडीचा आहे. त्यात रक्कम आणि नंबर घालता येतो. यूपीआयची लिंक आतून अशी असते:

```
upi://pay?pa=तुमचाआयडी@बँक&pn=दुकानाचेनाव&am=450.00&cu=INR&tn=NTH-014
```

`am` म्हणजे रक्कम, `tn` म्हणजे टीप. ही ओळ क्यूआर बनवायच्या साधनात टाकली की स्कॅन करणाऱ्याला 450 रुपये आणि `NTH-014` आपोआप दिसतं. पण ही ओळ मेसेजमध्ये पाठवून चालत नाही. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्राम तिला निळी, दाबता येणारी लिंक करत नाही, कारण ती `https` ने सुरू होत नाही. शिवाय वैयक्तिक आयडीवर लिंकमधून आलेला व्यवहार कित्येक ॲप धोक्याचा समजून अडवतात. आणि मुख्य म्हणजे हा क्यूआर दोघींनी स्कॅन केला तरी दोघींचेही पैसे घेतो. तुमचा जुना प्रश्न तसाच राहतो.

एकेकच नग असेल तेव्हा पैशांच्या सोयीला तीन गोष्टी यायला हव्यात: रक्कम ठरलेली, नंबर ठरलेला, आणि एकदा पैसे आले की ती बंद. पेमेंट गेटवे म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या बँकेत जमा करणारी सेवा. तिच्या लिंकमध्ये या तिन्ही असतात. रेझरपेसारख्या सेवेत खातं उघडून डॅशबोर्डवरून लिंक बनवता येते, कोड लिहावा लागत नाही. लिंक बनवताना रक्कम, कशासाठी, संदर्भ क्रमांक आणि संपण्याची वेळ भरायची. संदर्भ क्रमांक प्रत्येक लिंकला वेगळा लागतो, म्हणून नुसता `NTH-014` न लिहिता त्यापुढे ऑर्डरचं अक्षर जोडा, `NTH-014-A` असा. पहिलीने भरलं नाही आणि दुसरीला द्यावी लागली तर `NTH-014-B`. पुढे कोणी तुम्हाला ही लिंक प्रोग्रामने बनवून दिली तर एक लक्षात ठेवा: तिथे रक्कम पैशांत द्यावी लागते, 450 रुपये म्हणजे `45000`. एका ताईंचं दुकान लावताना एका मुलाने दोन शून्यं विसरून साडेचारशेची ठुशी साडेचार रुपयांना विकायला काढली होती. नशिबाने पहिलीच ऑर्डर ताईंच्या जावेची होती.

एक व्यवहार पूर्ण मांडून दाखवते. शनिवारी संध्याकाळी तुम्ही `NTH-014` चा फोटो टॅगसह टाकला. किंमत 380, कुरिअरचे 70, एकूण 450 रुपये. अक्कलकोटच्या एका बाईंनी मेसेज केला, ‘ही हवी आहे’. तुम्ही तिच्या नावाने 450 ची लिंक केली, संदर्भ `NTH-014-A`, मुदत अर्धा तास, आणि शीटमध्ये लगेच `out of stock` केलं. सोबत लिहिलंत, ‘ताई, नथ तुमच्यासाठी साडेसातपर्यंत राखून ठेवली आहे, लिंक तेवढ्यापुरतीच चालेल.’ सात दहाला पुण्याहून दुसरीने विचारलं. तिला सांगा, ‘एकीसाठी राखली आहे, साडेसातला कळवते.’ साडेसातला डॅशबोर्डवर पहिली लिंक `Paid` दिसली तर पुणेकरणीला तशीच दुसरी करून द्यायची तारीख द्या. `Expired` दिसली तर पुण्याला `NTH-014-B` पाठवा. इथे दोघींना एकाच नथीचे पैसे भरायला वावच राहिला नाही, कारण एका वेळी एकच लिंक जिवंत होती.

मुदत पंधरा मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. अर्धा तास बरा. बाई स्वयंपाकात असते, नवऱ्याला किंवा मुलाला पैसे भरायला सांगते. यात वेळ जातोच.

आता तुम्ही म्हणाल, मग वेबसाइटवर थेट पैसे का घेऊ नयेत? घ्या. पण तिथे प्रत्येक नगाची संख्या 1 अशी भरा आणि संख्या संपल्यावर विक्री बंद होईल असं सेटिंग करा. इथली अडचण वेळेची आहे. कॅटलॉग तुमची शीट तासाला एकदाच वाचतो, म्हणून विकलेली नथ इन्स्टाग्रामवर आणखी तासभर ‘उपलब्ध’ दिसू शकते. त्यामुळे थांबवायचं काम कॅटलॉगवर सोपवू नका, ते पानाने करायचं. गिऱ्हाईक टॅगवरून पानावर पोचलं आणि तिथे ‘संपली’ दिसलं, तर नाराज होईल पण पैसे अडकणार नाहीत. त्यातही एकेकच नगाच्या, हजारच्या वरच्या दागिन्यांना मी वेबसाइटवर पैसे घ्यायचं बटण ठेवतच नाही. तिथे ‘मेसेज करा’ ठेवते आणि वरच्यासारखी लिंक देते. चार-पाच सारखे नग असलेल्या बुगड्यांना मात्र थेट विक्री ठेवते. तुम्हीही असंच वाटून घ्या.

गेटवेचा खर्च मोजून ठेवा. नेहमीचा दर 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. 450 वर 9 रुपये शुल्क, त्यावर 1 रुपया 62 पैसे कर, म्हणजे तुमच्या हातात 439 रुपये 38 पैसे. ते बँकेत यायला साधारण दोन कामाचे दिवस लागतात. शनिवारी विकलेल्याचे पैसे शनिवारीच मोती आणायला मिळणार नाहीत, हे धरून चाला. पैसे परत केलेत तरी कापलेलं शुल्क परत येत नाही. हा खर्च किंमत ठरवतानाच त्यात धरा, गिऱ्हाइकाला वेगळा लावू नका.

स्क्रीनशॉटवर इथून पुढे माल पाठवायचा नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप सर्रास आहेत. गेटवेच्या लिंकला डॅशबोर्ड बघा. कुणी जुनी ओळख म्हणून थेट यूपीआय केलं, तर तुमच्या बँकेच्या नोंदीत रक्कम आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक सापडतो का ते बघा. तिच्या फोनवर ‘यशस्वी’ दिसलं म्हणजे तुमच्याकडे आले असं नाही. कधी उलटंही होतं: तिच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि तुमची लिंक मात्र न भरलेलीच दिसते. अशा वेळी तिला पुन्हा भरायला लावू नका आणि मालही पाठवू नका. दुकानदाराला केलेला असा यूपीआय व्यवहार अडकला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत पैसे आपोआप परत जायला हवेत, नाहीतर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. हे तिला शांतपणे सांगा, नथ तेवढे दिवस बाजूला ठेवा. अशी सांभाळलेली बाई पुढे जावा-नणंदांना घेऊन येते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

जीएसटीबद्दल एकच सांगते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना नोंदणीची उलाढालीची मर्यादा लागू असते. राज्याबाहेर पाठवलं की ती मर्यादा तशीच लागू होत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, पण अटींसह. इन्स्टाग्राम पाहून विजयपूर आणि हैदराबादहून मागणी येणारच. म्हणून वेबसाइटच्या डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये सध्या फक्त महाराष्ट्राचे पिनकोड ठेवा, आणि बाहेर पाठवण्याआधी आपल्या सीएला दागिन्यांचा नेमका प्रकार सांगून विचारा.

व्हॉट्सॲप बिझनेसवरही हाच माल हवा असेल तर तिथल्या कॅटलॉगमध्ये 500 पर्यंत वस्तू मावतात आणि प्रत्येक वस्तूला कोड टाकायची जागा असते. तिथे पाकिटावरचाच नंबर टाका. नव्या नावाने दुसरी यादी सुरू केलीत की एकच नथ पुन्हा दोन ठिकाणी विकली जाईल. मूळ देश विचारला तर भारत भरा. पण सुरुवातीला दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आधी इन्स्टाग्रामवर दहा नग टाका, सगळ्यात कमी गुंतागुंतीचे.

दहा नग लागले की गावातल्या एखाद्या मैत्रिणीला, जिला यातलं काही माहीत नाही, तिच्या फोनवरून एक बुगडी खरेदी करायला लावा. तुम्ही शेजारी बसून फक्त बघायचं, बोलायचं नाही. टॅग सापडला का, पानावर किंमत तीच दिसली का, लिंकवर तुमच्या दुकानाचं नाव आलं की दुसरंच काही, पैसे भरल्यावर तुम्हाला सूचना आली का, हे लिहून घ्या. मग तिचे पैसे डॅशबोर्डवरून परत करा, म्हणजे तीही वाट तुमच्या हाताखालून जाईल. तिचं बोट जिथे अडखळलं ते दुरुस्त करा. उरलेले पन्नास नग संक्रांतीआधी चढवून घ्या, कारण गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईच्या तोंडावर शीट भरायला तुम्हाला सवड मिळणार नाही.